घड्याळातल्या ३६४ कॅलरी आणि मैदानावरच्या १२०

प्रश्न: दीड महिना रोज संध्याकाळी चालते. घड्याळ म्हणतं साडेतीनशेच्या वर कॅलरी जळाल्या. ॲप तेवढं जास्त खायला मोकळीक देतं आणि मी त्याच्यापुढे एक घासही जात नाही. तरी वजन जागचं हललेलं नाही. चुकतंय कोण, घड्याळ की मी? घरच्या घरी तपासता येईल का?

उत्तर: चुकतंय घड्याळ. तपासायला वजनकाटा, फेरी मोजलेलं मैदान आणि शाळेतला गुणाकार एवढं पुरतं. कोरडी रीत सांगण्यापेक्षा हे सगळं स्वतः करून पाहिलेल्या एका मुलीची हकीकत सांगते, कारण तिची तक्रार तुमच्यासारखीच होती. तिला आपण प्राजक्ता म्हणू. वय २७, उंची १५८ सेंटिमीटर, वजन ६० किलो. नागपुरात एका सीएच्या ऑफिसात दिवसभर लोकांची खाती जुळवत बसते.

माझ्याकडे ती आली तेव्हा वहीत तारीखवार सगळं लिहिलेलं होतं. खाल्लेलं, चाललेलं, सकाळचं वजन. पहिलं वाक्य तिने टाकलं ते असं : "मॅडम, जमा-खर्च जुळत नाही. एक तर नोंद खोटी आहे नाहीतर पावती." घरी आजीचं वेगळंच चालू होतं : "घड्याळ सांगते म्हून जेवतं का वं तू?" मला विचाराल तर निदानाच्या बाबतीत आजी सगळ्यांच्या पुढे होती.

आधी तिचा कागदावरचा हिशेब पाहू. ॲपने तिचा विश्रांतीचा खर्च काढला होता तो मिफ्लिन-सेंट जिओर या १९९०च्या सूत्राने. वजनाच्या दहापट, अधिक उंचीच्या सव्वासहापट, उणे वयाच्या पाचपट, आणि बायकांसाठी उणे १६१. म्हणजे ६०० + ९८७ − १३५ − १६१, साधारण १,२९० कॅलरी. बैठं काम म्हणून त्याला १.२ ने गुणलं की १,५५०. त्यातून रोज २५० कमी खायचं ठरलं, म्हणून मर्यादा १,३००. इथवर सगळं ठीक. पण घड्याळ ॲपला जोडलेलं होतं, आणि संध्याकाळची चाल संपली की मर्यादेत ३६४ कॅलरी आपोआप जमा व्हायच्या. मग ती तर्री-पोह्यांची प्लेट आणि साखरेचा चहा घ्यायची, वहीत ३५० लिहायची, आणि दिवस १,६६०च्या आसपास बंद व्हायचा. ॲपच्या मते रोज २५०ची तूट. सहा आठवड्यांचे ४२ दिवस धरले तर १०,५०० कॅलरी. शरीरातल्या एक किलो चरबीला सुमारे ७,७०० धरतात, म्हणजे सव्वा किलोच्या वर वजन उतरायला हवं होतं. पहिल्या आठवड्याची सरासरी ६०.२ होती आणि सहाव्याची ६०.१.

तिने प्रथम घड्याळातली स्वतःची माहिती तपासली. घड्याळ विकत घेतलं तेव्हापासून उंची-वजन कोणी भरलंच नव्हतं, कंपनीने घातलेले आकडे तसेच होते. ते दुरुस्त केल्यावर आकडा थोडा खाली आला. वरचे ३६४ हे दुरुस्तीनंतरचेच आहेत, म्हणजे मोठी चूक तिथे नव्हती. तुम्हीही आधी तेवढं बघून घ्या. पुष्कळांच्या मनगटावर भावाचं किंवा नवऱ्याचं जुनं घड्याळ असतं आणि आत माणूसही तोच राहिलेला असतो.

मग तिने मैदान गाठलं. शाळेच्या मैदानावर ४०० मीटरचा आखलेला ट्रॅक होता. आतल्या रेषेला धरून दहा फेऱ्या, म्हणजे ४ किलोमीटर. वेळ लागला ४८ मिनिटं. तासाला बरोबर ५ किलोमीटरचा वेग, मिनिटाला ८३.३ मीटर. मैदान मुद्दाम सपाट निवडलं होतं, त्याचं कारण पुढच्या सूत्रात दिसेल. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनचं हे चालण्याचं सूत्र आम्ही वर्गात पहिल्या काही तासांतच शिकवतो :

```
VO2 = 3.5 + (0.1 × S) + (1.8 × S × G)
```

यात `S` म्हणजे मिनिटाला किती मीटर, `G` म्हणजे चढ (५ टक्के चढ असेल तर 0.05), आणि उत्तर येतं ते दर किलो वजनामागे मिनिटाला किती मिलिलिटर ऑक्सिजन लागतो ते. पहिला ३.५ नुसतं बसून राहिलं तरी लागणारच असतो. दुसरा तुकडा सपाट चालण्याचा, तिसरा चढाचा. पाच टक्के चढ म्हणजे डोळ्यांना जेमतेम जाणवणारा, पण याच वेगाला तो ७.५ मिलिलिटरची भर घालतो आणि चालण्याचा खर्च जवळजवळ दुप्पट करतो. टेकडीवर चालून घड्याळ तपासू नये ते यासाठी.

सपाटावर चढ शून्य, म्हणून ३.५ + ८.३३ = ११.८३. याला ६० किलोने गुणलं की मिनिटाला ७१० मिलिलिटर, आणि ४८ मिनिटांचे ३४ लिटर ऑक्सिजन. शरीर एक लिटर ऑक्सिजन वापरतं तेव्हा साधारण ५ कॅलरी खर्च होतात. म्हणजे त्या चालीचा एकूण खर्च १७०.

इथे बहुतेक लोक थांबतात. प्राजक्ता थांबली नाही, आणि मला तिचं कौतुक वाटलं ते याच जागी. तिने विचारलं की ३.५ चा तुकडा तर बसून राहिले असते तरी खर्च झाला असता, आणि तो ॲपच्या १,५५० मध्ये आधीच धरलेला आहे, मग तो पुन्हा का जमा करायचा? एकच खर्च दोन खात्यांवर टाकलाय. अगदी बरोबर. तो तुकडा वजा केला की ८.३३ × ६० × ४८ म्हणजे २४ लिटर, आणि कॅलरी १२०. चालल्यामुळे दिवसाच्या खर्चात खरी भर पडली ती एवढीच.

म्हणजे घड्याळाच्या ३६४ मध्ये १२० खऱ्या होत्या, ५० दोनदा मोजलेल्या होत्या, आणि उरलेल्या १९४ ना कुठलाच आधार नव्हता. काही घड्याळांत 'एकूण' आणि 'सक्रिय' असे दोन आकडे वेगळे दिसतात. ॲप त्यातला कोणता उचलतं ते सेटिंगमध्ये पाहिलं तर मधले ५० तरी वाचतात.

या गुणाकारातून एक सोपा नियम निघतो : सपाट जमिनीवर चालताना वाढीव खर्च म्हणजे वजन × किलोमीटर × ०.५. साठ किलो, चार किलोमीटर, १२०. पळत असाल तर ०.५ च्या जागी १ घ्या. थोडं सावकाश किंवा भरभर चाललात तरी चालण्याचा आकडा फारसा बदलत नाही, कारण हळू चाललं की मिनिटं वाढतात. मात्र सूत्र भरवशाचं आहे ते तासाला ३ ते ६ किलोमीटरच्या दरम्यान. त्यापलीकडे चाल भराभर महागते.

आता १,५५० मध्ये १२० मिळवा. दिवसाचा खरा खर्च १,६७०. खाणं १,६६४. रोजची तूट ६ कॅलरी! वहीतलं वजन सहा आठवडे एकाच जागी का उभं होतं, ते इथे उघड झालं. हा ६ चा आकडा इतका नेमका आला त्यात योगायोगही आहे, हे मी तिला तिथेच सांगितलं. १.२ चा गुणक अंदाजाचा आहे, आणि खाण्याची नोंद कधीच इतकी चोख नसते. फोडणीत टेबलस्पूनभर तेल जास्त पडलं की १२० कॅलरी वाढतात, म्हणजे त्या दहा फेऱ्या तिथेच फिटल्या. पण इथे दोन वेगळ्या वाटांनी एकच उत्तर येत होतं : मैदानावरच्या हिशेबाने खर्च १,६७०, आणि खाणं १,६६० असताना वजन स्थिर म्हणजे त्या बाजूनेही खर्च तेवढाच. घड्याळाचं खरं धरलं तर खर्च १,९०० च्या वर जायला हवा होता.

राहिला प्रश्न तो १९४चा. ते आले कुठून?

घड्याळ कॅलरी मोजत नाही. ते मनगटावर हिरवा प्रकाश टाकून नाडी मोजतं, हालचाल मोजतं, आणि त्यावरून कॅलरीचा अंदाज बांधतं. प्राजक्ताला आधी वाटलं नाडीच चुकतेय. शंका रास्त होती. पट्टा सैल असला की सेन्सर कधी कधी पावलांच्या ठेक्यालाच नाडी समजतो आणि आकडा पावलांच्या गतीला चिकटून बसतो. म्हणून तिने फेरीच्या मध्येच थांबून मनगटावर बोटं ठेवली आणि लगेच १५ सेकंद मोजले. ठोके ३३. चारपट केले की १३२. घड्याळही १३२ च दाखवत होतं. नाडी बरोबर, कॅलरी चूक.

हे तिच्याच घड्याळाचं नाही. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०१७ मध्ये सात घड्याळं साठ माणसांना घालून तपासली होती. सातपैकी सहांची नाडीतली चूक ५ टक्क्यांच्या आत निघाली. कॅलरीत मात्र सगळ्यात चांगल्या घड्याळाची चूक २७ टक्के आणि सगळ्यात वाईटाची ९३ टक्के.

कंपन्या आपलं सूत्र उघड करत नाहीत. पण नाडीवरून कॅलरी काढण्याची प्रसिद्ध झालेली सूत्रं आहेत, त्यातलं कीटेल आणि सहकाऱ्यांचं २००५चं बरंच वापरलं जातं. प्राजक्ताने त्यात १३२ ठोके, ६० किलो, वय २७ घातलं. ४८ मिनिटांच्या ३७९ कॅलरी निघाल्या. घड्याळाच्या ३६४ च्या अगदी शेजारी. आतलं सूत्र हेच असेल असं मी म्हणणार नाही, पण जात तीच दिसते. आणि हे सूत्र बांधलं होतं नियमित व्यायाम करणाऱ्या माणसांवर मोजमाप करून. त्यांच्या एका ठोक्याबरोबर शरीराला जेवढा ऑक्सिजन पोहोचतो तेवढाच तुमच्या-माझ्या ठोक्यातही पोहोचतो, असं ते गृहीत धरतं. प्राजक्ताचा आकडा काढून पाहा : मिनिटाला ७१० मिलिलिटर भागिले १३२, म्हणजे ठोक्यामागे साडेपाच मिलिलिटरही नाही. त्या सूत्राच्या हिशेबाने तिचा प्रत्येक ठोका १२ मिलिलिटर पोहोचवत असायला हवा. तिचं हृदय दुप्पट फेऱ्या मारून निम्मा माल पोहोचवत होतं, आणि घड्याळ प्रत्येक फेरी भरलेली धरून बिल करत होतं.

हे तिला पटलं, पण हिशेबाच्या माणसाला पटणं पुरत नाही. आठवड्याने ती आणखी एक नोंद घेऊन आली. हे सगळं मे महिन्यात चाललं होतं. नागपुरात मे महिन्यात संध्याकाळी सहालाही पारा चाळिशीच्या आसपास असतो. तिने तोच ट्रॅक, त्याच दहा फेऱ्या, तीच ४८ मिनिटं, पण पहाटे साडेपाचला करून पाहिल्या. वेग सारखा राहावा म्हणून प्रत्येक फेरीला ४ मिनिटं ४८ सेकंद हे फोनच्या स्टॉपवॉचवर सांभाळलं. नाडी ११६ वर राहिली आणि घड्याळाने दिल्या २८८ कॅलरी. संध्याकाळपेक्षा ७६ ने कमी. पाय तेच, अंतर तेच, वजन तेच. उन्हात शरीराला थंड ठेवायला त्वचेकडे जास्त रक्त पाठवावं लागतं, घामाने रक्तातलं पाणी कमी होतं, म्हणून हृदय जोरात धावतं. स्नायूंचं काम त्याने वाढत नाही. म्हणजे त्या ७६ कॅलरी उन्हाच्या होत्या, आणि त्या बदल्यात ती चहात साखर घालून घेत होती. कडक कॉफी, रात्रीचं जागरण, ताप, ऑफिसातलं टेन्शन, यांनीही नाडी चढते आणि घड्याळ त्याच्याही कॅलरी लावतं.

पुढचं तिने अगदी साधं ठेवलं. ॲपमधलं 'व्यायामाच्या कॅलरी जमा करा' हे बटण बंद केलं. मर्यादा मी तिला १,३०० वरून उलट वाढवून १,४५० करायला लावली, कारण पहाटेच्या गारव्यातही ११६ ठोके मला खटकत होते आणि अशा मुलीला कमी खाऊ घालणं मला मान्य नव्हतं. १,६७० मधून १,४५० गेले की २२० ची तूट उरते, आणि ती खरी असते. चालणं सुरूच ठेवलं, त्याचे वेगळे काही जमा केले नाही. दोन महिन्यांत दीड किलोच्या आसपास वजन उतरलं.

तुम्ही हे कराल तेव्हा वजनाच्या बाबतीत एक सांभाळा. रोजचं वजन लिहा, पण पाहा फक्त आठवड्याची सरासरी, आणि तुलना करा ती मागच्या पाळीच्या चक्रातल्या त्याच आठवड्याशी. पाळीच्या आधी अंगात पाणी साठून एखादा किलो सहज वाढतो आणि नंतर आपोआप उतरतो. या आठवड्याची तुलना गेल्या आठवड्याशी केलीत तर महिन्यातून एकदा हिशेब चुकल्यासारखा वाटेल आणि एकदा उगाच आनंद होईल.

झुंबा, बॅडमिंटन, वजनं उचलणं यांना मैदानाचं सूत्र लागू नाही. वजनं उचलताना तर श्वास रोखल्याने आणि दाब वाढल्याने नाडी चढते, ऑक्सिजनचा खर्च मात्र त्या मानाने वाढत नाही, त्यामुळे तिथे घड्याळ आणखी उदार होतं. अशा व्यायामाला दुसरीच वाट बरी : चार आठवडे खाणं आणि वजन प्रामाणिकपणे लिहायचं, व्यायामाचं काहीही जमा करायचं नाही. वजन स्थिर असेल तर सरासरी खाणं हाच तुमचा खर्च. उतरलं असेल तर दर किलोमागे ७,७०० कॅलरी त्या दिवसांत वाटून खाण्यात मिळवायच्या. सुरुवातीचा एखादा आठवडा सोडून द्या, कारण तेव्हा पाणीच जास्त हलतं.

आता त्या खटकलेल्या ठोक्यांबद्दल. निरोगी तरुण मुलीची नाडी सपाटावर तासाला ५ किलोमीटर चालताना थंड वेळी शंभर-एकशे दहाच्या आसपास असावी असं मी धरते. प्राजक्ताला मी रक्त तपासायला पाठवलं. हिमोग्लोबिन आलं ९.८. गरोदर नसलेल्या बाईचं १२ च्या खाली गेलं की त्याला ॲनिमिया म्हणतात, आणि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१च्या पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय बायका त्यात मोडल्या होत्या. ठोक्यामागे साडेपाच मिलिलिटरचं एक कारण तिथेच होतं : रक्तात ऑक्सिजन उचलणारंच कमी, म्हणून हृदयाला जास्त वेळा धावावं लागत होतं. डॉक्टरांनी लोह सुरू केलं. काही महिन्यांनी त्याच ट्रॅकवर, त्याच वेगाने, पहाटे नाडी १०४ आणि घड्याळाच्या कॅलरी २३१. तिची तब्येत सुधारली होती, आणि घड्याळाच्या लेखी ती कमी मेहनत करायला लागली होती.

तेव्हा तुम्ही पहाटे सपाटावर दहा फेऱ्या घ्या, मध्ये थांबून १५ सेकंद नाडी हाताने मोजा, आणि ते ठोके २७ च्या वर गेले तर कॅलरीचा हिशेब करायच्या आधी हिमोग्लोबिन तपासून घ्या.